केबलवरचा २.१ कोणी छापला?

भाच्याने दिवाळीत पीएस५ घेतला आणि वडिलांना पटवून पंचावन्न इंची टीव्हीही घ्यायला लावला. टीव्हीच्या खोक्यावर ४के, १२० हर्ट्झ, एचडीएमआय २.१ असं सगळं ठळक छापलेलं. सुताराने टीव्हीमागे लाकडी पॅनेल केलं आणि कन्सोलसाठी खण सोडला तो खाली, पार डाव्या कोपऱ्यात. कन्सोलसोबत आलेली केबल तिथवर पोचेना. मग जवळच्या दुकानातून काही शे रुपयांत पाच मीटरची केबल आली. पाकिटावर ‘एचडीएमआय २.१’, ‘८के’, ‘४८ जीबीपीएस’, वर जाळीदार विणलेलं वेष्टण आणि सोनेरी टोकं. सुताराने ती पॅनेलमागून ओवली आणि पॅनेल खिळ्यांनी पक्कं केलं.

पंधरा दिवसांनी रात्री फोन आला. “मामा, गाडीच्या शर्यतीत ऐन वळणावर टीव्ही दोन सेकंद काळा होतो. मग आपोआप येतो. टीव्ही बदलून घेऊ का?”

“सिनेमा बघताना होतो का?”

“नाही.”

“आणि कन्सोलच्या मेन्यूत?”

“तिथेही नाही. फक्त खेळताना. त्यातही सगळ्या खेळांत नाही.”

या शेवटच्या वाक्यात निम्मं निदान होतं. पीएस५चा मेन्यू ६० हर्ट्झवर चालतो, म्हणजे पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं. १२० हर्ट्झचा खेळ सुरू केला की कन्सोल त्या खेळापुरता १२०वर जातो. ६०ला सगळं सुरळीत आणि १२०ला अंधार, म्हणजे बिघाड टीव्हीच्या पडद्यात असण्यापेक्षा वाटेत असण्याची शक्यता जास्त. आणि वाटेत होती ती एकच वस्तू, पॅनेलमागे खिळ्यांनी बंद केलेली.

आता त्या पाकिटावरच्या ‘२.१’ची गोष्ट. हा आकडा केबलचा नाहीच. एचडीएमआयच्या आवृत्त्या म्हणजे तांत्रिक नियमांच्या पुस्तकाच्या आवृत्त्या. पहिली २००२ सालची, २.० ही २०१३ची, २.१ ही २०१७च्या नोव्हेंबरातली. टीव्ही, कन्सोल, ग्राफिक्स कार्ड यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे त्या पुस्तकात लिहिलेलं असतं. केबल बोलत नाही, ती फक्त वाहून नेते. म्हणून केबलींना आवृत्ती नसते, त्यांना वेगाचे वर्ग असतात, आणि वर्गांना नावं आहेत. हाय स्पीड हा जुना वर्ग, सेकंदाला साधारण १० गिगाबिटच्या हिशेबाने तपासलेला. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिटची परीक्षा दिलेली केबल. अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ गिगाबिटची. केबलवर आवृत्तीचा आकडा छापायला एचडीएमआयचे परवाने देणारी संस्था परवानगीच देत नाही. म्हणजे पाकिटावर ‘२.१ केबल’ असं दिसलं तर निर्मात्याने नियम वाचलेला नाही किंवा वाचूनही धाब्यावर बसवला आहे, एवढंच त्यातून कळतं. केबल वाईटच असेल असं नाही. चांगल्या केबलींच्या जाहिरातीतही हा आकडा घुसवतात, कारण गिऱ्हाईक तोच शोधत असतं.

गंमत म्हणजे या तिन्ही वर्गांच्या केबलींचं टोक हुबेहूब सारखं आहे. तेच एकोणीस पिनांचं. आत वेगाने माहिती नेणाऱ्या तारांच्या चार पीळ दिलेल्या जोड्या असतात. जुन्या पद्धतीत त्यांतल्या तीन जोड्या चित्र न्यायच्या आणि चौथी नुसता ताल द्यायची, घड्याळाच्या टिकटिकीसारखा. २.०मध्ये तीन जोड्यांवर प्रत्येकी ६ गिगाबिट, म्हणून एकूण १८. २.१मध्ये त्या चौथ्या जोडीलाही कामाला जुंपलं आणि प्रत्येक जोडीचा वेग १२वर नेला. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस. नवा प्लग नाही, नव्या पिना नाहीत. फरक पडतो तो तारेच्या जाडीत, पीळ किती एकसारखा आहे त्यात, प्रत्येक जोडीभोवतीच्या आवरणात आणि टोकाजवळच्या जोडकामात. यातलं काहीही दुकानात उभं राहून डोळ्यांना दिसत नाही. विणलेलं वेष्टण दिसतं, पण ते बाहेरचं. त्याने केबल झिजत नाही एवढंच. सोन्याचा मुलामा गंज रोखतो. कोकणातल्या दमट घरात त्याचा थोडा उपयोग असेल, पण त्याने चित्र सुधारत नाही.

चित्र सुधारण्याचा प्रश्नच खरं तर नाही. महागड्या केबलीने रंग अधिक गडद येतात, काळा अधिक काळा दिसतो, हे विक्रेते अजूनही सांगतात. केबलमधून जातात ते शून्य आणि एकचे आकडे. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं, आणि नाही पोचले तर बिघाड दिसतो. मधली ‘जरा फिकट’ अशी पायरी तिथे नाही.

भाच्याला लागत होतं तरी किती? हिशेब सोपा आहे आणि एकदा स्वतः करून बघण्यासारखा आहे. ४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण सुमारे ८३ लाख. सेकंदाला १२० वेळा म्हणजे जवळपास शंभर कोटी ठिपके. एचडीआरच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांना दहा-दहा बिट, म्हणजे ठिपक्यामागे ३० बिट. झाले साधारण ३० गिगाबिट. याशिवाय प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा पाठवली जाते, ती धरून आकडा ३५च्या पुढे जातो. आणि तारेवरून जाताना १६ बिटांचे १८ बिट करून पाठवतात, म्हणून शेवटी ४० गिगाबिटच्या आसपास. ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर आणि रंगांत कुठलीही काटकसर नाही, याची किंमत ही अशी ४०.

आता तोच हिशेब ६० हर्ट्झचा. ४के ६०ला जुन्या पद्धतीने सुमारे १८ गिगाबिट लागतात. २.० मध्ये १८चा आकडा कशासाठी आला तो यासाठीच. सिनेमा, क्रिकेट, कन्सोलचा मेन्यू हे सगळं या १८च्या आत बसतं. म्हणून भाच्याच्या केबलीने पंधरा दिवस तक्रार केली नाही. तिची परीक्षा फक्त त्या दोन-तीन खेळांतच होत होती.

पीएस५ मात्र पूर्ण ४० मागत नाही. तिच्या एचडीएमआयची वरची मर्यादा ३२ गिगाबिट आहे. म्हणून ४के १२०ला ती रंगांत थोडी काटछाट करते. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची पाठवते आणि रंगाची माहिती शेजारच्या दोन ठिपक्यांत मिळून एकदाच. खेळताना सोफ्यावरून हा फरक सहसा कळत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्सची मर्यादा ४० आहे. अलीकडची बरीच ग्राफिक्स कार्डं ४८पर्यंत जातात. यातून एक नेहमीचा घोळ होतो. कुणीतरी सांगतं, “हीच केबल मी वापरतो, ४के १२० झकास चालतं,” आणि त्याचं खरंही असतं, कारण त्याच्याकडे पीएस५ आहे. तीच केबल तुम्ही पीसीला लावता, तिच्यावर ४०-४८चा भार पडतो आणि पडदा काळा होतो. दोघंही खरं बोलत असतात, केबल ३२ला पास आणि ४०ला नापास असते.

भाच्याला मी पहिल्यांदा टीव्हीच्या मागे बघायला सांगितलं. केबल कुठल्या पोर्टमध्ये आहे? टीव्हीला चार एचडीएमआय पोर्ट असले तरी १२० हर्ट्झ सगळ्यांत असतं असं नाही. बऱ्याच टीव्हींत ते चारपैकी दोनांतच असतं, आणि अनेकदा त्या दोघांतला एक साउंडबारसाठीचा असतो. पोर्टशेजारी ‘4K 120Hz’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाही तर टीव्हीच्या पुस्तिकेत. त्याची केबल बरोबर पोर्टमध्ये होती. नसती तर त्याला १२० मिळालंच नसतं आणि अंधारही झाला नसता. पुष्कळ लोक वर्षभर ६०वर खेळतात आणि त्यांना कळत नाही, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या मेन्यूतली. प्रत्येक पोर्टला पूर्ण वेगाची परवानगी वेगळी द्यावी लागते. हे सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने लपवलंय. कुठे Input Signal Plus, कुठे HDMI Ultra HD Deep Colour, कुठे Enhanced format. हे बंद असेल तर कन्सोलला वाटतं समोर जुना टीव्ही आहे. कन्सोल आणि टीव्ही जोडले की टीव्ही आपली कुवत एका छोट्या यादीत कन्सोलला कळवतो. सेटिंग बंद असेल तर ती यादीच अर्धी जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टीव्ही आपली कुवत सांगतो, कन्सोल आपली सांगतो, पण साधी केबल स्वतःविषयी काहीच सांगत नाही. तिच्यात तशी चिपच नसते. मेन्यूत ‘१२० हर्ट्झ चालतं’ असं दिसलं म्हणून केबल चांगली ठरत नाही. मेन्यूने केबलला विचारलेलंच नसतं.

मग केबल कमी पडते हे यंत्रांना कळतं कसं? चालवून बघूनच. २.१च्या नव्या पद्धतीत चित्र पाठवण्याआधी दोन्ही टोकं एक छोटी तालीम करतात. ठरावीक नमुना पाठवायचा, पलीकडे तो नीट पोचला का ते बघायचं. नाही पोचला तर एक पायरी खाली, पुन्हा तालीम. ४८, ४०, ३२, २४ अशा पायऱ्या आहेत. तालमीत साफ नापास झालेली केबल असेल तर यंत्रं निमूट खालच्या पायरीवर जातात आणि १२०च्या जागी ६० मिळतं, कुठलाही इशारा न देता. सगळ्यात त्रासदायक असते ती काठावर पास होणारी केबल. तालमीला ती टिकते, खेळात अर्ध्या तासाने चुका वाढतात, दुवा तुटतो, यंत्रं पुन्हा तालीम करतात. त्या तालमीचे ते दोन सेकंद म्हणजे भाच्याचं काळं वळण.

जुन्या पद्धतीत, म्हणजे १८च्या आतल्या वेगात, तालीम नव्हती. कन्सोल माहिती ढकलत राहायचा आणि केबल कमी पडली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे, आकाशातून हिमकण पडावेत तसे. ज्यांनी ते पाहिलंय ते अजूनही केबल खराब म्हणजे ठिपके असं समजतात आणि ठिपके नाहीत म्हणून केबल निर्दोष ठरवतात. नव्या पद्धतीत माहितीबरोबर चूक सुधारण्याची सोयही जाते. किरकोळ चुका ती गिळून टाकते, त्यामुळे ठिपके दिसतच नाहीत. दिसतो तो थेट अंधार, नाही तर गुपचूप उतरलेला वेग.

भाच्याकडून मी दोन प्रयोग करून घेतले. पॅनेल न उघडता होण्यासारखा पहिला. कन्सोलच्या Screen and Video मध्ये जाऊन रिझॉल्युशन ४केवरून १०८०पीवर आणायचं आणि तोच खेळ तसाच १२०वर खेळायचा. १०८०पी १२०ला लागतात सुमारे ९ गिगाबिट, जुन्या हाय स्पीड केबलच्याही आवाक्यात. खेळ तोच, हर्ट्झ तेच, पोर्ट तोच, केबल तीच. फक्त भार तिपटीहून कमी. तो तासभर खेळला. एकदाही अंधार नाही. दुसरा प्रयोग उलटा. कन्सोल खणातून काढून स्टुलावर टीव्हीखाली ठेवला आणि खोक्यातली मूळची आखूड केबल लावून पुन्हा ४के १२०. खेळ चालू असतानाच Video Output Information उघडायला सांगितलं. तिथे ओळ दिसली:

```
3840 x 2160 - 120Hz
YUV422
```

वरची ओळ म्हणजे पूर्ण वेग. खालची ती मघाची रंगांची काटकसर, आणि पीएस५च्या बाबतीत ४के १२०ला ती अपेक्षितच आहे. ६०ला तिथे RGB दिसतं आणि १२०ला YUV422, म्हणून काही बिघडलं असं समजून लोक केबली बदलत बसतात. रात्री बारा वाजता ताईने ओरडेपर्यंत भाचा खेळला आणि पडदा एकदाही गेला नाही. केबल दोषी ठरली.

त्याच्या मित्राकडे मात्र वेगळाच प्रकार निघाला, आणि तो केबलशी संबंधित नाही हे समजायला आम्हाला वेळ लागला. त्याच्याकडे पीसी आणि १४४०पीचा १८० हर्ट्झचा मॉनिटर. विंडोजच्या Advanced display मध्ये एचडीएमआयवर १४४च्या वर पर्यायच नाही. दोन केबली बदलून झाल्या होत्या, दुसरी बरीच महाग. हिशेब घातला तर उघड होतं. २५६० गुणिले १४४० गुणिले १८० हे सेकंदाला ६६ कोटी ठिपके होतात. जुन्या २.०च्या पद्धतीत सेकंदाला ६० कोटींपर्यंतच ठिपके जाऊ शकतात, रिकामी जागा धरून. १४४ हर्ट्झ कसेबसे बसतात, १८० बसत नाहीत. त्या मॉनिटरचा एचडीएमआय पोर्टच तेवढ्या क्षमतेचा होता. शेजारी डिस्प्लेपोर्ट होता, आणि त्याची केबल मॉनिटरच्या खोक्यात अजून पिशवीतच होती.

“पण काका, मॉनिटरवर तर एचडीएमआय २.१ लिहिलंय!” हे त्याचं म्हणणं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. इथे २.१ या आकड्याची खरी गोम आहे. २०२१च्या अखेरीस टीएफटीसेंट्रल या मॉनिटरची चाचणी करणाऱ्या संकेतस्थळाने एका अशाच मॉनिटरवरून परवाना देणाऱ्या संस्थेलाच विचारलं होतं. मॉनिटरवर २.१ लिहिलेलं, पण आतली क्षमता सगळी २.०ची. उत्तर आलं ते असं की २.०ला आता वेगळं अस्तित्व नाही, ते २.१च्याच पोटात गेलं आहे, आणि २.१मधल्या नव्या सोयी सगळ्या ऐच्छिक आहेत. म्हणजे ४८ गिगाबिट ऐच्छिक, १२० हर्ट्झचं ४के ऐच्छिक, बदलता रिफ्रेश रेट म्हणजे व्हीआरआर ऐच्छिक. यातली एकही सोय नसलेला पोर्ट २.१ म्हणवू शकतो. नियम एवढाच की निर्मात्याने कुठल्या सोयी दिल्यात हे स्पष्ट लिहावं. तो बारीक अक्षरात लिहितो आणि २.१ मोठ्या अक्षरात.

हे मला अजूनही पटलेलं नाही. आवृत्तीचा आकडा गिऱ्हाइकाला काहीच सांगत नसेल तर खोक्यावर छापू तरी का द्यावा? पण आकडा राहणार असेल, तर मॉनिटर किंवा टीव्ही घेताना तो वाचायचाच नाही. वाचायचं ते वाक्य ज्यात ‘४के १२० हर्ट्झ’ किंवा ‘१४४०पी १८० हर्ट्झ’ असं थेट लिहिलंय आणि ते एचडीएमआयला लागू आहे, फक्त डिस्प्लेपोर्टला नाही. गिगाबिटचा आकडा दिला असेल तर उत्तमच. २४, ४० आणि ४८ असे तिन्ही प्रकारचे पोर्ट बाजारात २.१ या एकाच नावाने विकले जातात.

व्हीआरआरबद्दलही एक गैरसमज आहे की त्याला नवी केबल लागते. व्हीआरआरमध्ये टीव्ही ठरावीक ठेक्याऐवजी खेळाकडून चित्र येईल तेव्हा ते दाखवतो. त्याने जास्त माहिती जात नाही, म्हणून केबलवर भारही वाढत नाही. २.१चा पोर्ट नसलेला एक्सबॉक्स वन एक्सही २०१८पासून जुन्या केबलींवरून हे करत होता.

आता केबलीकडे. भाच्याला नवी हवी होती आणि यावेळी फसायचं नव्हतं. अल्ट्रा हाय स्पीड म्हणून मान्यता मिळालेल्या केबलीच्या पाकिटावर एक चौकोनी चिकटपट्टी असते. तिच्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल’ हे नाव, हलवल्यावर चमकणारी नक्षी आणि एक क्यूआर कोड. फोनमध्ये HDMI Cable Certification हे अधिकृत ॲप टाकून तो कोड वाचला की ती केबल कोणाची, किती लांबीची आणि मान्यताप्राप्त आहे का हे कळतं. मान्यता लांबीनुसार वेगळी असते. एकाच कंपनीची दोन मीटरची पास म्हणून पाच मीटरची आपोआप पास होत नाही. शिवाय केबलच्या अंगावरही तेच पूर्ण नाव छापलेलं असलं पाहिजे. ‘८के’ हा शब्द किंवा ‘४८ जीबीपीएस’ हा आकडा कोणीही छापू शकतो, म्हणून त्यांच्याकडे बघायचं नाही. साध्या फोनच्या कॅमेऱ्याने कोड वाचून समोर आलेल्या कुठल्याही पानावर विश्वास ठेवू नये, कारण नकली पट्ट्याही निघाल्या आहेत. ॲपनेच तपासायचं.

या मान्यतेत आणखी एक परीक्षा असते, जिचा पाकिटावर उल्लेख क्वचितच होतो. केबलमधून बाहेर गळणाऱ्या विद्युत लहरींची. आवरण नीट नसलेली वेगवान केबल स्वतःच बारीक अँटेना होते आणि वाय-फायच्या लहरींत लुडबूड करते. कन्सोल सुरू केला की घरातलं वाय-फाय मंदावतं किंवा बिनतारी कंट्रोलर अडखळतो, अशी तक्रार असेल तर केबल बदलून पाहण्यासारखी असते.

खरी अडचण लांबीची होती. तांब्याची तार जेवढी लांब आणि वेग जेवढा जास्त, तेवढी माहिती वाटेत क्षीण होते. ६ गिगाबिटला जी तार दहा मीटर चालते ती १२ला चालत नाही. ४८ची मान्यता असलेल्या साध्या तांब्याच्या केबली बहुतेक तीन मीटरच्या आत मिळतात, पाच मीटरच्या मोजक्या आणि जाड. त्यापुढे आतमध्ये चिप असलेली केबल घ्यायची किंवा ऑप्टिकल फायबरची. फायबरची केबल दहा-पंधरा मीटरही सहज जाते आणि बारीक असते, पण ती एकदिशा असते. एका टोकावर Source लिहिलेलं, दुसऱ्यावर Display किंवा TV. उलटी लावली तर चित्र येत नाही. आणि तिला कोनात मोडायचं नसतं. भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबली की आतली काच तडकते.

ताईला पॅनेल पुन्हा काढायचं नव्हतं. मी सुचवलं की कन्सोलच उजवीकडच्या खणात आणा, अंतर अडीच मीटरवर येईल आणि तीन मीटरची साधी केबल पुरेल. पण उजवीकडच्या खणात देव होते. मग सुतार आला, पॅनेल निघालं. यावेळी मी तीन गोष्टी करायला लावल्या. फायबरची आठ मीटरची केबल आधी नुसती फरशीवर पसरून, दोन्ही टोकं लावून, अर्धा तास ४के १२० खेळून बघितली. मग भिंतीत जाड प्लास्टिकचा पाइप टाकून केबल त्यातून ओढली, म्हणजे पुढच्या वेळी पॅनेल काढावं लागणार नाही. आणि पाइपात एक नायलॉनची दोरी तशीच सोडून ठेवली, पुढची केबल ओढायला. २०२५मध्ये २.२ आलीय, ९६ गिगाबिटची, केबलचं नाव अल्ट्रा९६. तिची गरज आजच्या कन्सोलांना नाही, पण दोरीला काही खर्च येत नाही.

सुताराने पॅनेल लावलं, खिळे ठोकले, हात पुसले. भाच्याने कन्सोल सुरू केला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. पाइपातून ओढताना Source लिहिलेलं टोक टीव्हीकडे गेलं होतं. सुतार माझ्याकडे बघत राहिला. पाइप होता म्हणून यावेळी फक्त वरची एक पट्टी काढावी लागली.

जुनी पाच मीटरची ‘२.१, ८के, ४८ जीबीपीएस’ केबल आता आजोबांच्या खोलीत आहे. त्यांचा सेट-टॉप बॉक्स तिच्यातून १०८०पी पाठवतो, आणि तिची आजवर एकही तक्रार नाही.